पंपाच्या कागदावरची आडवी रेघ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या कसब्यातल्या जनाना दवाखान्याचा पंप उन्हाळ्यात पाणी चढवेना, तो बसवणाऱ्या उस्तादाच्या हातच्या कामामुळे नव्हे. तो पंप मी निवडला होता आणि चुकीचा निवडला होता. हे मला त्याच उन्हाळ्यात, उस्तादावर ठपका येण्याच्या आधी, कळलेलं होतं. साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

आता हे नीट सांगायचं तर त्या कागदापासून सांगावं लागेल.

निजामाचं राज्य होतं. मी बांधकामाच्या कचेरीत ओव्हरसियर म्हणून नवीन लागलो होतो. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले, पण यंत्रांचे कागद विलायतेहून इंग्रजीत येत. साहेब सोडले तर इंग्रजी वाचणारा मी एकटाच. त्यामुळे सिमेंटच्या गोणीवरच्या छापापासून इंजिनाच्या पुस्तकापर्यंत काहीही आलं की हाक मलाच पडे. मला ते आवडायचं. खेड्यातून आलेल्या पोराला अशी हाक पडली की तो चार बोटं उंच चालतो. मीही चालत होतो.

दवाखान्याची इमारत दोन मजल्यांची. बाळंतिणींच्या खाटा वरच्या मजल्यावर. विहीर मात्र आवाराच्या पार खालच्या टोकाला, नदीच्या अंगाला. तिथून पखालवाले पाठीवर पाणी घेऊन चढ चढायचे, मग जिना चढायचे. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. बोलायला सडेतोड. त्यांनी वर लिहून लिहून जिन्याच्या डोक्यावर लोखंडी टाकी मंजूर करून घेतली आणि विहिरीवर रॉकेलचं इंजिन आणि पंप. सकाळी इंजिन लावायचं, टाकी भरली की बंद करायचं, म्हणजे दिवसभर नळाला पाणी. मिनिटाला चाळीस गॅलन वर पोचलं तर हे जमत होतं. हा आकडा साहेबांनी काढून दिला आणि पंप कोणता मागवायचा ते बघायला मला सांगितलं.

पंपाच्या कंपनीने एक कागद पाठवला होता. त्यावर चौकटी आखलेल्या. खालच्या कडेला मिनिटाला किती गॅलन, डावीकडून उजवीकडे वाढत जाणारे. उभ्या कडेला किती फूट उंच. आणि मध्ये दोन वाकड्या रेषा, एक वर, एक खाली. डावीकडे उंचावर सुरू होऊन उजवीकडे घसरत गेलेल्या, म्हातारीच्या पाठीसारख्या. खालची रेष लहान पंपाची, वरची मोठ्या पंपाची. रेषेचा अर्थ इतकाच: हा पंप ठरलेल्या वेगाने फिरवला, तर जितकं उंच पाणी ढकलायला लावाल तितकं तो कमी देईल. कमी उंचीला पुष्कळ देईल. आणि एका उंचीनंतर तो फिरत राहील, पण थेंब देणार नाही. ती उंची म्हणजे रेष जिथे डाव्या कडेला टेकते ती. लहान पंपाची रेष बहात्तर फुटांवर टेकत होती.

पंप निवडायचा म्हणजे त्या रेषेवर आपल्या इमारतीची जागा शोधायची. तिला ड्यूटी पॉइंट म्हणतात. मी त्या वेळी त्याला कामाचा ठिपका म्हणत असे.

दिवाळी होऊन गेली होती. मी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला. विहिरीच्या कडेला खड्ड्यासारखी एक खोली खणून तिच्यात इंजिन आणि पंप बसायचे होते. त्या खोलीच्या जमिनीपासून पाणी सहा फूट खाली होतं. तिथून टाकीच्या तोंडापर्यंत उंची पन्नास फूट. सहा आणि पन्नास, छप्पन्न. मी उभ्या कडेवर छप्पन्नला पेन्सिल टेकवली, पट्टी धरून सरळ आडवी रेघ मारली, ती लहान पंपाच्या रेषेला जिथे भेटली तिथून खाली उतरलो. मिनिटाला साठ गॅलनच्याही पुढे. लागत होते चाळीस. म्हटलं, लहान पंप पुरून उरतो, मोठा कशाला.

साहेबांना कागद दाखवला. ते त्या दिवशी दौऱ्यावर निघालेले, टांगा दारात. त्यांनी ठिपका पाहिला, म्हणाले, "पक्का बघितलास ना?"

"जी साब."

त्यांनी सही केली.

माझी चूक काय झाली ती आता लिहितो. ती अगदी आमच्या मुलखाची चूक होती. मी मोटेवर वाढलेला. आमच्या मळ्यात मोट विहिरीतून वर आली, थारोळ्यात रिकामी झाली की कष्ट संपले. पुढे पाणी पाटाने शेताच्या टोकापर्यंत आपलं आपण जातं. लांबीला बैल लागत नाही. बैल लागतो तो फक्त उंचीला. हे माझ्या हाडात बसलेलं. म्हणून विहिरीपासून टाकीपर्यंतचा सवातीनशे फुटांचा अडीच इंची नळ माझ्या हिशोबात आलाच नाही. मला वाटलं, नळ म्हणजे बंद पाट. पण दाबाने पाणी ढकललं की नळ त्याला आतून धरून ठेवतो. जितकं जास्त पाणी, तितकी ती धर जास्त, आणि पाणी दुप्पट केलं तर ती दुपटीने नाही, जवळजवळ चौपटीने वाढते. म्हणजे इमारतीची रेघ आडवी नसतेच. ती छप्पन्नपासून सुरू होऊन उजवीकडे वर वाकत जाते, आणि पंपाची खाली घसरणारी रेष तिला जिथे कापते तो खरा ठिपका. नळाची ही धर काढायचं कोष्टक त्याच कागदाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं. मी कागद उलटून पाहिला होता. नळ विकण्याची जाहिरात असेल असं वाटून परत सुलटा केला होता.

दुसरी चूकही मोटेचीच. विहीर चैत्रात खाली जाते हे काय मला माहीत नव्हतं? पण मोटेला पाणी खाली गेलं तर नाडा, म्हणजे मोटेचा दोर, वाढवतात, बैल धावेच्या उतारावर आणखी खाली उतरतात, मोट तेवढीच भरून येते, जरा वेळ लागतो इतकंच. पंपाला नाडा वाढवता येत नाही. त्याची रेष छापलेली असते.

पंप पौषात आला. तो बसवायचं काम उस्तादाला मिळालं.

उस्ताद म्हणजे बाजारात मशिदीच्या बोळात ज्याचं दुकान होतं तो. शिवणयंत्रं, फोनोग्राफ, पिठाच्या गिरणीची इंजिनं, काहीही दुरुस्त करायचा. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. उंच, पोट सुटलेलं, आणि तोंडाला खळ नाही. आपल्या कामाची फुशारकी तो इतकी मारायचा की लोक मुद्दाम त्याला डिवचायचे. साहेबांनी त्याला सांगितलं होतं, हा पंप वर्षभर नीट चालला तर जिल्ह्यात आणखी ठिकाणी पंप बसणार आहेत, तेव्हा सरकारी मिस्त्री म्हणून तुझंच नाव जाईल. त्याला हे पक्कं काम हवं होतं. दुकान त्याच्या सासऱ्याच्या मालकीचं होतं आणि सासरा ते त्याला रोज ऐकवत असे.

विहिरीच्या त्या खोलीत मी त्याच्याजवळ बसून राही. तो नळाचे जोड गळू नयेत म्हणून त्यांना सफेत्याचा लेप आणि ताग लावून आवळत असे.

"साब, या पंपाला एकच रोग," तो म्हणायचा, "हवा. खालून पाणी ओढताना जोडातून हवा शिरली की खेळ खलास. मग किती बी फिरवा. म्हणून हा जोड बघा. मुंगी बी आत जायची न्हाई."

तिथे बसलेला पखालवाला म्हणाला, "मुंगी काहून जाईल उस्ताद? तिला आत काय ठेवलंय?"

"तुझी नौकरी ठेवलीय बे आत. पंप चालू झाला की तू घरी."

"मग घालतोच मी मुंगी."

सगळे हसले. मीही हसलो. पखालवाल्याची चाकरी गेली नाही, बाईंनी त्याला दवाखान्यातच दुसऱ्या कामाला लावला. ते असो.

इंजिन लावलं त्या दिवशी तालुक्याचे मोठे अधिकारी आले, वकील आले, दोन सावकार आले. उस्तादाने इस्त्रीची शेरवानी घातली होती आणि तिच्यावर तेल उडू नये म्हणून पुढे गोणपाट बांधलं होतं. इंजिन धडधडलं, इंजिनावरून पंपावर घेतलेला पट्टा फिरला, आणि थोड्या वेळाने वरून बाईंनी पदर हलवून खूण केली. टाकीत पाणी पडत होतं. टाळ्या झाल्या. टाकी भरायला माझ्या हिशोबापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला, चाळीसलाही जरा कमीच पडत होतं, पण ते कुणी मोजलं नाही. मी मोजलं. नवं इंजिन आहे, हळूहळू रुळेल, असं मनाला सांगितलं.

माघ गेला, फाल्गुन गेला. टाकी भरायला वेळ वाढत चालला. चैत्राच्या मध्यावर एके सकाळी पाणी अगदी दोऱ्यासारखं येऊ लागलं आणि दुपारपर्यंत तेही थांबलं. इंजिन चालू, पट्टा चालू, पंप फिरतोय, वर थेंब नाही.

उस्ताद धावत आला. त्याने पंपाच्या पोटावर हात ठेवला आणि झटकन काढला.

"ताप आलाय बे याला."

पंप गरम झाला होता. आता मला माहीत आहे, कोंडलेलं तेच पाणी आत घुसळत राहिलं की पंप तापतो. तेव्हा उस्ताद म्हणाला, हवा. त्याने पंपात वरून पाणी ओतलं, पुन्हा लावला. घसरू नये म्हणून चामड्याच्या पट्ट्याला राळ लावून तो आवळला. दोन बोटं जाडीचं पाणी वर चढलं. वरून दवाखान्यातल्या आया ओरडल्या, आलं, आलं. उन्हं चढली तसा पट्टा ढिला पडला आणि पुन्हा बंद.

पट्टा ढिला पडला म्हणजे पंप थोडा हळू फिरतो. थोडाच. पण वेग थोडा कमी झाला तर उंची चढवायची ताकद त्याहून दुप्पट कमी होते. विहिरीचं पाणी आता अठरा फुटांवर गेलं होतं, म्हणजे नुसती उंचीच अडुसष्ट. पंपाची शेवटची हद्द बहात्तर, तीही पुऱ्या वेगाला. मध्ये उरली चार फुटांची जागा. तेवढी जागा सुकलेला पट्टा खाऊन टाकत होता. मोठा पंप असता तर पट्टा थोडा घसरला असता आणि कुणाला कळलंही नसतं.

हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारी कचेरीतली बहुतेक मंडळी नमाजला गेली होती. मी कपाटातून तो कागद काढला आणि या वेळी मागची बाजू वाचली. कोष्टक समजायला फार वेळ लागला नाही. अडुसष्टवर पेन्सिल टेकवली, नळाची धर वीस गॅलनला किती, चाळीसला किती, अशी एकेक खूण केली आणि खुणा जोडल्या. रेघ वर वाकत गेली. लहान पंपाच्या रेषेला ती डाव्या कडेजवळ कशीबशी कापून निघून गेली, मिनिटाला अठरा गॅलनच्या आसपास. पूर्ण वेगाला इतकं. जरा वेग कमी धरून पंपाची रेष खाली सरकवली तर दोघी भेटतच नव्हत्या. मोठ्या पंपाच्या रेषेला मात्र तीच रेघ चाळीसच्याही पलीकडे, आरामात भेटत होती.

मी रबराने सगळं पुसलं. का पुसलं ते मला सांगता येत नाही. पुसल्यावर कागदाचा तेवढा भाग चमकू लागला.

मला आणखी एक गोष्ट आठवली. पंपाच्या तोंडाशी दाबाचं घड्याळ लावलेलं होतं. हवा शिरत असती तर त्याचा काटा थरथरला असता, खाली पडला असता. आदल्या दिवशी काटा एका जागी ठाम उभा होता. मी तो पाहिला होता, उस्तादाने पाहिला नव्हता. तो खाली वाकून जोड तपासत होता.

त्याने पुढे जे केलं ते बघणं कठीण होतं. तो दोन-तीन दिवस त्या खोलीत उतरून स्वतःचंच काम उसवत राहिला. जोड उघडले, पुन्हा ताग भरला, पंपाच्या दांडीभोवतीची गळती रोखणारी डोरी बदलली, नळाच्या तळाशी पाणी धरून ठेवणारी झडप, फूटवाल, बाहेर काढून त्याचं चामडं नवं घातलं. प्रत्येक वेळी थोडं पाणी चढे, त्याला वाटे सापडलं, आणि उन्हात परत बंद. एका जोडाशी त्याला ओल दिसली. इंजिन बंद असताना वरच्या नळातलं पाणी उतरून तिथे पाझरत असावं, फार काही नव्हतं. पण तो ती ओल बोटाने पुसून बोट बघत बसला.

"साब, इथं मुंगी गेली."

मी म्हणालो, "असेल."

हा शब्द मी बोललो. तेव्हा तो फार छोटा वाटला.

वर दवाखान्यात पखाली पुन्हा सुरू झाल्या होत्या. बाई जिन्यात उभ्या राहून ज्याला त्याला झापत होत्या. कुणा बाळंतिणीचं काही वाईट झालं नाही, हे सांगून टाकतो, पण आयांचे हाल झाले, आणि त्यांच्या तोंडी उस्तादाचं नाव बसलं. बाजारात पोरं त्याला "उस्ताद, पानी आया क्या" म्हणून विचारू लागली. आधी तो त्यांना शिव्या घालायचा. मग घालेनासा झाला.

साहेब आले. विहिरीवर सगळ्यांना उभं केलं. बाई होत्या, कंपाउंडर होता, पखालवाले, उस्ताद, मी. साहेबांनी आधी मला विचारलं.

"पंप बरोबर निवडलेला होता?"

"जी साब. कागदाप्रमाणे बरोबर होता."

"उन्हाळ्याची पातळी धरली होती?"

"जी."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. त्या कागदावर त्यांची सही होती. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्यांनाही तो नको असावा असं मला आता वाटतं. पण हे मी त्यांच्यावर ढकलत नाही. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा खोटं बोललो.

मग ते उस्तादाकडे वळले. मला वाटलं होतं तो भांडेल. पंपाला शिव्या देईल, कंपनीला देईल, मला देईल. त्याची सवय तीच होती. तो म्हणाला, "साब, जोडात ओल होती. माझ्या हातचा जोड हाय. मी काय बोलू."

"फुशारकी मारायला येते फक्त," बाई म्हणाल्या.

त्याने हात पुसायचं फडकं घडी करून खिशात घातलं आणि आवारातून निघून गेला. साहेबांनी तिथेच सांगितलं, याला पुन्हा सरकारी काम द्यायचं नाही.

आठवड्याभरात साहेबांनी मला बोलावून म्हटलं, दुसरा पंप बघ, जरा दणकट. या वेळी मी ठिपका बरोबर काढला. भर उन्हाळ्याचं पाणी धरलं, नळाची धर धरली, पट्ट्याच्या घसरणीसाठी वर थोडी जागा सोडली. मोठा पंप मागवला. तो बसवायला जालन्याहून एक मिस्त्री आला. त्याने जुना पंप काढला, आणि नवा त्याच नळावर बसवला. खालून पाणी ओढणारा नळ उस्तादाचाच, त्याचे जोड उस्तादाचेच. नव्या मिस्त्रीने पंपाला लागून असलेले बोल्ट आवळले, बाकी कशाला हात लावला नाही. इंजिन लावलं आणि भर ज्येष्ठात टाकी सकाळी नऊच्या आत भरून वाहू लागली.

"हाताला गुण असतो," कंपाउंडर म्हणाला.

मी त्याच्या शेजारी उभा होतो. ज्या जोडातून म्हणे हवा शिरत होती, त्याच जोडातून पाणी वर जात होतं, आणि हे पाहून कुणालाही काही वाटलं नाही, कारण जोड कुठला कुणाचा हे फक्त दोन माणसांना माहीत होतं. त्यातला एक तिथे नव्हता.

जालन्याचा मिस्त्री पुढे जिल्ह्याचा सरकारी मिस्त्री झाला. मला बढती मिळाली, ती या पंपामुळे नाही, पण या पंपाने ती अडलीही नाही. उस्तादाने पाण्याचं काम सोडलं. सासऱ्याने दुकान दुसऱ्या जावयाला दिलं असं ऐकलं. तो बायकापोरांना घेऊन गेवराईकडे गेला.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मी तेव्हा रस्त्याच्या कामावर होतो, चकलांब्याच्या बाजूला आमची मोजणी चालली होती. ऊन टाळायला एका पिठाच्या गिरणीत शिरलो. आत उस्ताद. पिठाने पांढरा झालेला, पोट उतरलेलं. त्याने मला लगेच ओळखलं.

"अरे, ओवरसियर साब. या, बसा. लई दिसांनी."

त्याने पोत्यावर फडकं टाकलं, चहा मागवला. रांगेत बसलेल्या बायकांना म्हणाला, "हे आमचे साब. इंग्रजी कागद असे वाचतात, जसं तुमी कुंकू लावता." बायका हसल्या. त्याची बोलायची लकब तशीच होती. गिरणी त्याच्या मालकीची नव्हती, तो नोकर होता.

मी विचारलं, पंपाचं काम करतोस का. इथल्या बागायतदारांकडे आता इंजिनं आली होती.

"बोलावतात," तो म्हणाला. "जात न्हाई."

"का?"

"हात चुकला साब त्या वेळी. तुमी व्हता ना तिथं. इतका आवळला व्हता जोड, तरी चुकला. अजून बी कधी कधी वाटतं, कुठं चुकलो असेन. सफेता पातळ झाला व्हता का? तागाचा वेढा उलटा पडला का? समजतच न्हाई." तो इंजिनाच्या तेलाच्या बरणीकडे बघत बोलत होता. "समजलं असतं तर परत केलं असतं. समजल्याशिवाय दुसऱ्याच्या विहिरीत कसा उतरू?"

त्या वेळी सांगायला हवं होतं. समोर कुणी अधिकारी नव्हता, माझं काही जाणार नव्हतं. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. त्याला समजलंही असतं, इंजिनातलं त्याला कळत होतं. जमिनीवरच्या पिठात बोटाने दोन रेषा काढल्या असत्या तरी भागलं असतं. मी बशीतला चहा संपवला आणि म्हणालो, "होतं असं कधी कधी."

"व्हतं," तो म्हणाला. त्याने माझ्या डोक्यावरचं पीठ झटकलं आणि मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला.

वर्षानुवर्षं मी मनाशी एक सबब धरून होतो: मी कबूल केलं असतं तर नोकरी गेली असती, आणि माझ्या बापाने बैल विकून मला शिकवलं होतं. ही सबब विहिरीवरच्या त्या दिवसापुरती चालेल. गिरणीतल्या दिवसाला ती लागू नाही. तिथे मला एवढीच भीती होती की तो माझ्याकडे बघेल. दुसरं काही नव्हतं.

आता निजाम नाही, ती कचेरी नाही, साहेब वारले. डॉक्टरीणबाईही गेल्या. उस्ताद आहे. गेवराईहून येणाऱ्या माणसांकडे मी चौकशी करत असतो, ती कुणाला कळू देत नाही. गिरणीत आता त्याचा मुलगा बसतो आणि तो दारात खाटेवर असतो, असं मागच्या मोसमात कळलं. कंपाउंडरही हयात आहे, आणि त्या दिवशी विहिरीवर असलेले दोन पखालवालेही.

मी उस्तादाला एवढं देणं लागतो: त्याच्या दारात जाऊन, आणि या तिघांना सोबत नेऊन, पंप मी चुकीचा निवडला होता आणि त्याचा जोड पक्का होता, हे त्याला तोंडावर सांगायचं. ते मी अजून सांगितलेलं नाही.